आज हे काम नसतं तर

आमच्या सरांना एक खोड होती. कुठेही गेले, कुणीही भेटलं, की चहा संपायच्या आत ते विचारायचे, "आज हे काम नसतं तर तुम्ही काय करत असता?" इडलीच्या गाडीवाल्याला विचारायचे, ऑटोवाल्याला विचारायचे, बँकेच्या खिडकीमागच्या कारकुनालाही विचारायचे. एकदा मोठ्या देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "चपला चोरत असते." सर भर उन्हात अनवाणी उभे राहून हसत सुटले आणि मी त्यांना ओढत सावलीत नेलं.

लोकांना वाटायचं, म्हातारा जरा सरकलाय. पण तो प्रश्न हीच आमची नोकरी होती.

कावेरीच्या मुखाकडल्या प्रदेशातले पोटकालवे दुरुस्त करण्याचा एक मोठा प्रकल्प तेव्हा चालू होता आणि त्यातल्या प्रत्येक कामाचा सामाजिक खर्च-लाभ तपासणारी आमची लहानशी शाखा तंजावरात होती. स्टेशनामागे भाड्याच्या बंगलीत कचेरी. इंजिनिअर लोकांनी हॉल आणि बेडरूम आधीच बळकावल्या होत्या, म्हणून अर्थशास्त्रज्ञांच्या वाट्याला स्वयंपाकघर आलं. ओट्यावर कालव्यांचे नकाशे, फळीवर अहवाल, आणि मोरीच्या नळाला सदा गळती. मी मूळची तंजावरचीच, पुण्याहून एम.ए. करून परत आले होते, नाकावर राग होता, आणि आपल्याला स्वयंपाकघरात बसवलं याचा मला भयंकर अपमान वाटला. सर म्हणाले, "छान आहे की. घराचा खरा खर्च स्वयंपाकघरातच कळतो." आज त्या ओट्याची आठवण झाली की जीव हळवा होतो. तितक्या आनंदाने मी पुन्हा कुठल्याच कचेरीत बसले नाही.

छाया मजुरी मी पुस्तकात शिकले होते, पण ती मला कळली त्या ओट्याशी. सर म्हणायचे, मजूर बाईच्या हातात पडते ती मजुरी हा प्रकल्पाच्या पेटीतला खर्च. देशाचा खर्च वेगळा. ती बाई कालव्यावर आली म्हणून दुसरीकडचं कुठलं काम राहिलं, ते देशाचं नुकसान, आणि तेवढीच तिच्या श्रमाची छाया किंमत. लावणीच्या दिवसांत तिला कालव्यावर आणलंत तर कुणाच्या तरी वाफ्यात रोपं तशीच उभी राहतील. तेव्हा छाया मजुरी म्हणजे जवळजवळ पुरी मजुरी. पण उन्हाळ्यात कालवा कोरडा, शेतं कोरडी, बाईला कुणी बोलवत नाही. तेव्हा ती आल्याने कुणाचं फारसं काही अडत नाही. तिला मजुरी पुरी द्यायची, हिशेबात मात्र तिचा श्रम थोडाच धरायचा.

"आणि पोकलेन चालवणारा?" मी विचारलं होतं.

"त्याची पुरी. तो इथे नसता तर दुसरीकडे खोदत असता. डिझेलही पुरं. ते काही उन्हाळ्यात घरी बसून राहत नाही."

प्रकल्पातले एक इंजिनिअर मोठ्या हौसेने आमच्याकडे कागद घेऊन यायचे. एकदा त्यांनी छाया मजुरीही कमी धरली आणि वर 'रोजगारनिर्मिती' म्हणून सगळी मजुरी लाभाच्या बाजूलाही लिहिली. सरांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "एकच फणस त्याच पाहुण्यांना दोनदा कापून घातलात की हो." पुढे महिनाभर त्या साहेबांना सगळे फणस म्हणत होते, मीसुद्धा.

माझी आई सरांना एकदाच भेटली. ते जेवायला आले होते. वांग्याची रसवांगी पानात पडायच्या आधीच त्यांनी तिला विचारलं, हे घरचं काम नसतं तर काय करत असता? आईने माझ्याकडे असं पाहिलं की हा पाहुणा कुठून धरून आणलास. मग आमच्या तंजावरी मराठीत म्हणाली, "अस्की, सगळीं कामं मीच करतें, हें नाहीं तर तें. कोण मज्ज मोकळं सोडतो?" सर खूश झाले आणि दुसऱ्यांदा भात मागितला. ते गेल्यावर आई मला म्हणाली, "इतकं शिकून तुम्ही हेंच विचारत हिंडतां? ह्याला पगार देतात?"

देत होते. आणि ज्या उन्हाळ्याची ही गोष्ट आहे तो सरांच्या नोकरीतला शेवटचा उन्हाळा होता.

तिरुवैयारुकडच्या गावांत आमच्या काकांची केळी होती. तिकडे बोअरचं पाणी, उन्हाळ्यातही केळी, ऊस, पानमळे. माणूस रिकामं सापडायचं नाही. म्हणून तिकडच्या कालव्यांना सरांनी स्वतःच पोकलेनची शिफारस केली होती. पण कालव्याच्या शेवटच्या टोकाला, ज्याला आमच्याकडे कडैमडै म्हणतात, तिथलं एक गाव होतं. खाली पाणी खारं, बोअर नाही. मेट्टूरचं धरण उघडून कालव्याला पाणी आलं तर शेती, नाहीतर आभाळाकडे बघत बसायचं. त्या गावचा कालवा गाळाने भरला होता. गाळ हाताने काढायचा की यंत्राने, एवढाच प्रश्न. बाजारभावाने मांडलं तर यंत्र स्वस्त. सरांच्या छाया मजुरीने मांडलं तर माणसं स्वस्त, आणि मग त्या गावातल्या बायकांना उन्हाळाभर पुऱ्या सरकारी दराने काम. सरांना ते काम त्यांना मिळायला हवं होतं. ते कधी तसं बोलले नाहीत, पण त्या एका फाइलवर ते स्वतःच्या मुलीची लग्नपत्रिका लिहावी तसं जपून लिहायचे.

आम्ही त्या गावात चार-सहा वेळा गेलो होतो. लावणीच्या टोळीची पुढारीण म्हणजे पन्नाशीची, उंच, पानाने ओठ लाल झालेली बाई. टोळीतल्या सगळ्या बायका तिच्या शब्दाबाहेर नव्हत्या. ती मला "अम्मा" म्हणायची आणि सरांना "अय्या", पण त्या अय्यात आदर कमी आणि थट्टा जास्त. सरांनी पहिल्या भेटीत आपला प्रश्न विचारला तेव्हा ती म्हणाली, "काय करणार? बसते. तुम्ही आलात म्हणून तुमच्याशी बोलत बसलेय, नाहीतर हिच्याशी." शेजारणीने तिला चापट मारली. दोघी हसल्या. सरांनी ते तसंच लिहून घेतलं. नारळाच्या झावळ्यांचे कीत्तु, म्हणजे छपराला लागणारी विणलेली झापं, त्या विणायच्या, त्याची थोडी मिळकत होते असं सांगायच्या. सरकारी रोजगार हमीचं शंभर दिवसांचं काम त्या गावात अजून उघडलेलं नव्हतं. सरांनी छाया मजुरी अर्ध्याहून बरीच खाली धरली. शून्य मात्र धरू दिली नाही. "उन्हात खोदणं म्हणजे उन्हात बसणं नव्हे," ते म्हणाले, "अंग झिजतं. फुकट कुणी खोदत नाही."

मग कचेरीत बैठक झाली. तिथे हे सगळं मोठ्याने वाचलं गेलं. दाराशी कालव्याची दारं उघडझाक करणारा लस्कर बसला होता. त्याने ऐकलं ते एवढंच की कडैमडैच्या बायकांची मजुरी अर्ध्याहून कमी धरली. बिचाऱ्याने चांगल्या हेतूनेच ते गावच्या चहाच्या टपरीवर सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की तंजावरच्या साहेबांनी तुमच्या श्रमाची किंमत अर्धीपेक्षा कमी ठरवली, म्हणाले ह्या रिकाम्याच तर बसतात.

आम्हाला याचा पत्ताच नव्हता. आठवड्याने दिल्लीहून पाहणीला एक अधिकारी आले. तरुण, सभ्य, सगळ्यांशी हात जोडून बोलणारे. प्रकल्पाला पैसे देणाऱ्यांनी त्यांना पाठवलं होतं, कारण इतकी कमी छाया मजुरी त्यांना संशयास्पद वाटली होती. त्यात गैर काही नव्हतं. सगळा निकाल त्या एका आकड्यावर फिरत होता. त्यांना तमिळ येत नव्हतं, म्हणून मी दुभाषी. सर मुद्दाम दूर कालव्याच्या काठावर बसले. आपल्या तोंडाकडे बघून बायकांनी उत्तर द्यायला नको, असं त्यांचं म्हणणं.

पिंपळाच्या पारावर बायका जमल्या होत्या, पण त्या दिवशी थट्टा नव्हती. पुढारणीने मला अम्मा म्हटलं नाही. अधिकाऱ्यांनी विचारलं, हे काम निघालं नाही तर या दिवसांत तुम्ही काय करता? मी तमिळमध्ये विचारलं.

तिने मान ताठ केली आणि बोलायला लागली. "काय करत नाही ते विचारा. सकाळी कीत्तु विणतो, व्यापारी येऊन रोख देऊन नेतो. शेळ्या आहेत. पलीकडच्या तालुक्यात उडीद काढायला बोलावतात, गाडी पाठवतात. वीटभट्टीवाला तर दारात उभा असतो. आम्हाला बसायला वेळ कुठे आहे?" बाकीच्या बायका माना डोलवत होत्या. एकीने तर ज्वेलरीच्या दुकानात झाडलोटीचं कामही जोडून दिलं.

मला शब्दाशब्दाला दिसत होतं, काम त्यांच्या हातातून निसटत चाललंय. मला वाटलं, साहेबांना सांगून टाकावं की त्या म्हणतात, काही नाही, बसून असतो. कुणाला कळणार होतं? माझ्या जिभेवर आलंही होतं. मग मी काठावर बसलेल्या सरांकडे पाहिलं. ते गवताची काडी चावत कोरड्या कालव्याकडे बघत होते. मी एक शब्द न गाळता सगळं इंग्रजीत सांगितलं, आणि रागाने माझा आवाज चिरका झाला.

अधिकाऱ्यांनी नम्रपणे लिहून घेतलं. "म्हणजे या रिकाम्या नाहीत," ते म्हणाले. "इथे छाया मजुरी बाजारभावाच्या जवळ धरावी लागेल. मग यंत्रच योग्य ठरतं, नाही का?" बरोबरच होतं. ऐकलं ते खरं असतं तर मीही हेच लिहिलं असतं.

सर उठून आले. मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते आता मागच्या भेटींच्या नोंदी काढून भांडतील. त्यांनी भांडण केलं नाही. अधिकाऱ्यांना म्हणाले, "तुमची परवानगी असेल तर आपण काय लिहिलं आणि त्याचा अर्थ काय, हे यांना सांगू या. त्यांच्याविषयीचं आहे, त्यांना कळायला पाहिजे." आणि मला म्हणाले, "तू सांग. काठावर आत्ता लस्कर भेटला, त्याने टपरीवर सांगितलंय की आपण यांची मजुरी अर्ध्याहून कमी धरली, म्हणून माझ्यावर त्या चिडल्यात."

मी सांगितलं. तुमच्या हातात मजुरी पुरी पडणार, एक पैसा कमी नाही. कचेरीत कमी धरलं ते तुम्हाला द्यायचं नव्हे. तुम्ही इकडे आलात तर तिकडचं कुणाचं काम बुडतं, तेवढंच तिथे मोजतात. ज्याला दुसरीकडे काम आहे त्याला आणलं तर नुकसान जास्त, म्हणून मग यंत्र लावतात. ज्याला दुसरीकडे काम नाही त्याला आणलं तर नुकसान थोडं, म्हणून त्यालाच काम द्यावं असं आम्ही म्हणतो. तुम्ही आता सांगितलंत त्यावरून यंत्र येईल.

पुढारणीने पान थुंकलं.

"म्हणजे काम पाहिजे असेल," ती हळूहळू म्हणाली, "तर आम्हाला कुणी विचारत नाही हे आधी चारचौघांत सांगायचं?"

तिच्या दोन्ही सुना तिथेच बसल्या होत्या. परका माणूस वही घेऊन समोर. आयुष्यभर जिने टोळी चालवली, जिच्या हाताखाली लावणीला लागायला बायका रांगा लावायच्या, तिला आता तोंडाने म्हणायचं होतं की मला कुणी बोलवत नाही. मला तिथून पळून जावंसं वाटलं. इतकी वर्षं आम्ही तो प्रश्न हसत हसत विचारत आलो होतो आणि त्याला इतकी धार आहे हे मला त्या दिवशी कळलं.

ती उभी राहिली. पदर खोचला. "सांबा भाताचं पीक निघाल्यापासून आम्हाला कुणी बोलावलेलं नाही," ती म्हणाली, मोठ्याने, सुनांकडे न बघता. "उडदाला गाडी येत होती, आता येत नाही. शेळ्या पोंगलला विकल्या. वीटभट्टीवाल्याला आमचं वय चालत नाही. ही ज्वेलरीवाली तर दुकानाच्या पायरीवरही चढलेली नाही." शेवटचं वाक्य ऐकून एकजण फिसकन हसली आणि मग तोंडाला पदर लावून रडायला लागली.

मी भाषांतर केलं. अधिकारी घोटाळ्यात पडले. "पण आता यांना कळलंय की कुठल्या उत्तराने काम मिळतं," ते मला हळू म्हणाले. "मी दुसरं उत्तर खरं कसं मानू?" माझा इतका संताप झाला की मी काहीतरी वाकडं बोलणारच होते. सरांनी माझ्या दंडाला हात लावला. "रास्त शंका आहे," ते म्हणाले, आणि पुढारणीला विचारलं, "कीत्तु रोख देऊन नेतो म्हणालात ना व्यापारी? घरचे कीत्तु दाखवाल?"

ती नुसती चालू लागली. आम्ही मागोमाग. तिच्या घरामागे, शेजारणीच्या घरामागे, सगळ्या आळीच्या मागे कीत्तुच्या थप्प्या होत्या, कमरेच्या वर. वरच्या हिरवट होत्या, मधल्या तपकिरी आणि खालच्या उन्हापावसाने राखाडी होऊन भुगा झालेल्या. "लोक आता पत्रे घालतात," ती म्हणाली. "व्यापारी गेल्या वर्षीच यायचा बंद झाला."

"मग विणता कशाला?" अधिकाऱ्यांनी माझ्यामार्फत विचारलं.

"हात काय करू?" ती म्हणाली.

त्यांनी खालच्या थरातलं एक झाप ओढलं. ते त्यांच्या हातात तुटलं. हातातला तुकडा खाली ठेवून त्यांनी वहीत लिहिलेलं खोडलं.

गाळ हातानेच निघाला. मेट्टूरचं पाणी यायच्या आत कालवा साफ झाला होता. मी कामावर गेले तेव्हा पुढारीण डोक्यावर चुंबळ ठेवून काठावर उभी होती, सगळ्यांना शिव्या घालत, आणि मला बघून लांबूनच ओरडली, "काय अम्मा, शेवटी किती धरलंत आम्हाला?" मी म्हटलं, थोडंच, पण शून्य नाही. "शून्य धरलं असतं तर ह्याच गाळात तुम्हाला पुरलं असतं," ती म्हणाली, आणि टोपली दुसरीच्या डोक्यावर दिली. माझा जीव भांड्यात पडला. तिने मला पुन्हा अम्मा म्हटलं होतं.

पाणी कडैमडैपर्यंत पोचलं त्या आठवड्यात सर निवृत्त झाले. ओट्यावर केळीच्या पानात हलवा ठेवून आम्ही त्यांना निरोप दिला. फणस साहेबांनी भाषण केलं. बंगली मालकाने पुढे परत घेतली, तिथे आता दवाखाना आहे असं ऐकते.

मध्ये बरेच महिने गेले. एकदा त्यांच्या घरावरून जात होते तर ते व्हरांड्यात खुर्चीवर दिसले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पायांत बूट. मी वर गेले, कॉफी आली, आणि बोलता बोलता मी सहज विचारलं, "मग सर, आता दिवसभर काय करता?"

त्यांनी मान ताठ केली. "काय करत नाही ते विचार. सकाळी देवळात, तिथल्या समितीत मला घेतलंय. मग वाचनालय. एक पुस्तक लिहायला घेतलंय. कॉलेजातली मुलं सारखी येतात, शंका विचारायला. दुपारी नातीचं गणित. बसायला वेळ कुठे आहे?"

ती ताठ मान मी आधी कुठे पाहिली होती ते मला लगेच आठवलं. आत स्वयंपाकघराच्या दारात सरांच्या पत्नी उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, हातातल्या रिकाम्या पेल्याकडे बघत होत्या. नात चेन्नईला राहते हे मला माहीत होतं.

घराच्या मागे मी काही बघायला गेले नाही. मी म्हटलं, "मग तुम्हाला विचारायचा धीर होत नाही, सर. पुढच्या सोमवारी आम्ही कडैमडैकडे चाललोय, जुन्या कालव्यांची पाहणी आहे. माणूस कमी पडतोय. पण तुमची इतकी कामं अडतील."

त्यांनी थोडा विचार केल्यासारखं केलं. "बघतो," ते म्हणाले. "एखादा दिवस काढता येईल बहुतेक."

सोमवारी सकाळी गाडी त्यांच्या गल्लीत वळली तेव्हा ते फाटकाबाहेर रस्त्यावर उभे होते, डोक्यावर टोपी, हातात पाण्याची बाटली. आम्ही ठरल्या वेळेच्या आधीच आलो होतो. ते कधीपासून उभे होते, ते मी विचारलं नाही.